विमान उतरताना कानाला दडे: पहिली दहा मिनिटं महत्त्वाची

विमान वर चढताना कान सहसा दुखत नाही. दुखतो तो उतरताना. चढताना कानात बारीकसं ‘टक’ होतं, ऐकू येणं क्षणभर बदलतं आणि विषय तिथेच संपतो. उतरताना मात्र आधी दडे बसतात, मग कान आतून ओढल्यासारखा वाटतो, आणि सर्दी असली तर अशी कळ येते की मोठी माणसंही कानावर हात दाबून बसतात. विमान तेच, उंची तीच, कानही तोच. तरी एका दिशेला काही नाही आणि दुसऱ्या दिशेला एवढा त्रास, असं का होतं? याचं उत्तर समजून घेतलं की त्रास टाळायला काय करायचं हे कळतंच, आणि ते कधी करायचं हेही कळतं. हा ‘कधी’ फार महत्त्वाचा आहे. बहुतेक प्रवासी योग्य तेच करतात, पण उशिरा करतात.

केबिनमध्ये आपण किती उंचावर असतो?

३६,००० फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस तिच्यात तग धरू शकत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा दाबाखाली ठेवतात. पण हा दाब जमिनीवरच्या दाबाइतका ठेवत नाहीत, कारण तसं केलं तर विमानाच्या कवचावर फार ताण येईल. नेहमीच्या उड्डाणात केबिनमधला दाब ८,००० फूट उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा ठरलेली आहे. ८,००० फूट म्हणजे सुमारे २,४४० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही जवळजवळ आठशे मीटर वर गेलेलो असतो.

रक्तदाब ज्या एककात मोजतात, त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये हा हिशेब सोपा होतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो, ८,००० फुटांवर तो ५६५ च्या आसपास असतो. उतरताना केबिनचा दाब ५६५ वरून ७६० वर येतो. ही १९५ मिलिमीटरची वाढ कानाला पचवायची असते. पुण्याहून मुंबईकडे येताना घाट उतरला की अनेकांच्या कानाला दडे बसतात. लोणावळा ते खोपोली हा उतार साधारण साडेपाचशे मीटरचा, आणि त्यात दाब वाढतो पन्नास मिलिमीटरच्या आतबाहेर. विमानातली वाढ याच्या चौपट असते.

कानाला फरक पडतो तो केबिनच्या दाबाने, विमानाच्या उंचीने नाही. लेहमध्ये हे नीट कळतं. तिथला विमानतळच सुमारे १०,७०० फुटांवर आहे. लेहहून विमान उडालं की ते वर चढत असतं, पण केबिनचा दाब मात्र ८,००० फुटांच्या किंवा त्याखालच्या पातळीपर्यंत वाढवला जातो. त्यामुळे कानाच्या दृष्टीने उड्डाण हाच ‘उतार’ ठरतो आणि दडे विमान चढताना बसू शकतात. लेहला उतरताना उलट होतं. विमान खाली येत असतं आणि केबिनचा दाब कमी होत असतो.

कानाच्या पडद्यामागची खोली आणि तिची वाट

कानाचा पडदा साधारण नऊ मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या मागे मधला कान म्हणजे हवेने भरलेली एक छोटी पोकळी आहे. ऐकण्याची तीन इवली हाडं तिच्यात असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा असेल तरच तो मोकळेपणाने थरथरतो. बाहेरच्या बाजूला केबिनची हवा थेट पोहोचते. आतल्या पोकळीला मात्र एकच वाट आहे. ती म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी नळी. सोळाव्या शतकातले इटालियन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात.

मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडात असतो, तो कायम उघडा राहतो. घशाकडचा दोन तृतीयांश भाग कूर्चेचा आणि मऊ त्वचेचा असतो आणि तो एरवी मिटलेलाच असतो. तो मिटलेला असणं गरजेचं आहे, नाहीतर आपलाच श्वास आणि आवाज कानात घुमत राहिला असता आणि घशातले जंतू सहज वर गेले असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा मऊ टाळूला ताणणारा एक लहान स्नायू नळीची भिंत बाजूला ओढतो. वाट क्षणभर उघडते, दाब सारखा होतो आणि वाट पुन्हा मिटते.

आता दिशेचा फरक बघू. विमान चढताना केबिनचा दाब कमी होतो आणि मधल्या कानातली हवा फुगते. साधारण पंधरा मिलिमीटरचा फरक झाला की ती हवा नळीच्या मिटलेल्या ओठांना आतून ढकलून आपोआप बाहेर पडते. ‘टक’ आवाज येतो तो हाच. यात स्नायूला काहीच करावं लागत नाही. उतरताना उलट घडतं. केबिनचा दाब वाढतो, मधल्या कानात जुनीच विरळ हवा असते, आणि हवा घशाकडून वर जायला हवी असते. पण घशातला वाढलेला दाब नळीच्या मऊ भागाला बाहेरून दाबतो आणि कानातला कमी दाब त्याच भिंतींना आत ओढतो. ओली झालेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की तिच्या भिंती चिकटतात आणि काहीच वर येत नाही, तसं इथे होतं. म्हणजे नळीतून हवा बाहेर आपोआप जाते, आत मात्र तिला स्नायूने वाट उघडून द्यावी लागते.

या स्नायूची ताकद बेताचीच असते. दाबातला फरक ऐंशी-नव्वद मिलिमीटरच्या पुढे गेला की स्नायू कितीही ओढला तरी मिटलेली नळी उघडत नाही. हा आकडा माणसागणिक थोडाफार बदलतो, पण अशी एक सीमा असते आणि ती ओलांडली की नळीला कुलूप लागतं. मग गिळून उपयोग नाही, जांभई देऊन उपयोग नाही. लढाऊ विमानाचा वैमानिक अशा वेळी पुन्हा थोडं वर जाऊन दाब कमी करू शकतो. प्रवाशाला तशी सोय नाही.

एक प्रवासी, तेवीस मिनिटं

समजा दिल्ली–मुंबई विमानात एक प्रवासी आहे. दोन दिवसांपासून त्याला सर्दी आहे, जेवण झाल्यावर त्याचा डोळा लागला आहे. केबिनचा दाब ८,००० फुटांच्या पातळीवर आहे. विमान उतरू लागतं. विमान स्वतः मिनिटाला हजार-दीड हजार फूट किंवा त्याहूनही वेगाने खाली येतं, पण केबिनचा दाब मुद्दाम हळू वाढवतात. तो मिनिटाला साधारण ३५० फुटांच्या हिशेबाने वाढतो असं धरू. म्हणजे केबिनला जमिनीच्या दाबावर यायला सुमारे तेवीस मिनिटं लागतील.

तिसऱ्या मिनिटाला कानाच्या आतबाहेर बावीस मिलिमीटरचा फरक पडलेला असतो. जागा माणूस एवढ्यात दोन-तीनदा नकळत गिळतो, आणि दर मिनिटाला वाढणारा सात-आठ मिलिमीटरचा फरक लगेच मिटतो. त्याला काही जाणवतही नाही. पण आपला प्रवासी झोपेत आहे आणि झोपेत गिळणं खूप कमी होतं. त्यातून सर्दीने नळीच्या तोंडाशी सूज आहे, त्यामुळे एखादा आवंढा गिळला तरी वाट पुरती उघडत नाही.

आठव्या मिनिटाच्या सुमारास फरक साठ मिलिमीटरवर जातो. पडदा आत खेचला गेला आहे आणि कान दुखू लागला आहे. प्रवासी जागा होतो. तो गिळतो, जबडा हलवतो, पाणी मागवतो. पण आता त्याच्या हातात तीन-चार मिनिटंच आहेत. बाराव्या मिनिटाच्या आत फरक नव्वदवर पोहोचतो आणि नळीला कुलूप लागतं. अजून अर्धा उतार बाकी असतो आणि तो सगळा कानाने सोसायचा असतो. चाकं टेकतात तेव्हा नळी बंदच राहिली असेल तर फरक १९५ मिलिमीटर झालेला असतो. नऊ मिलिमीटरच्या पडद्यावर हा भार दीडशे ग्रॅमच्या पुढे जातो.

हा हिशेब सर्दी झालेल्या माणसाचा आणि नळी पूर्ण बंद राहिल्याचा आहे. प्रत्यक्षात मधूनच थोडी हवा शिरते आणि ताण काहीसा सैल होतो. तरी मुद्दा बदलत नाही. कानाचं काय होणार हे उताराच्या पहिल्या दहा-बारा मिनिटांत ठरतं, आणि त्यातला बराचसा वेळ कान दुखतही नसतो. दुखायला लागल्यावर उपाय सुरू करणारा माणूस सीमेच्या अगदी जवळ येऊन सुरुवात करतो.

केबिनचा दाब वेगाने बदलला तर धडधाकट कानही मागे पडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात केबिनमध्ये हवेचा दाब राखणारी यंत्रणा सुरू करायची राहून गेली. ऑक्सिजनचे मास्क खाली आले, विमान मुंबईला परतलं, आणि सुमारे तीस प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं होतं. नेहमीच्या उड्डाणात केबिनचा दाब इतका सावकाश का बदलतात, ते यावरून कळतं.

ऐकू कमी का येतं?

दडे बसल्यावर ऐकू कमी येण्याची दोन वेगळी कारणं असतात, आणि ती एकामागून एक येतात. आधी पडदा आत ओढला जाऊन ताठ होतो. त्याला जोडलेली हाडांची साखळीही आखडते. मग आवाजाच्या लहरींनी पडदा पुरेसा हलत नाही. आधी खालच्या पट्टीतले आवाज मंदावतात आणि सगळं दूरून आल्यासारखं वाटतं. नळी उघडली की हे क्षणात बरं होतं.

नळी बराच वेळ बंद राहिली तर दुसरं कारण सुरू होतं. मधल्या कानातला कमी दाब भोवतालच्या नाजूक त्वचेतल्या रक्तवाहिन्यांमधून पाणी ओढून घेतो. ती त्वचा सुजते, पोकळीत पातळ द्रव साठतो, कधी त्यात रक्तही मिसळतं. आता दाब सारखा झाला तरी द्रव तिथेच असतो. विमानातून उतरून घरी गेल्यावरही कान भरलेला वाटतो, मान हलवली की आत बुडबुडल्यासारखं होतं. हा द्रव शोषला जायला काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. दडे उतरल्यावरही राहिले म्हणजे कान कायमचा गेला, असं समजून घाबरायचं कारण नाही.

ज्यांच्या पडद्याला आधीच भोक आहे किंवा ज्या मुलांच्या पडद्यात डॉक्टरांनी बारीक नळी बसवली आहे, त्यांना उतरताना हा त्रास होत नाही. त्यांच्या कानात हवा थेट पडद्यातूनच ये-जा करते.

काय करायचं आणि कधी?

विमान उतरायला लागल्याची सूचना झाली की लगेच जागं व्हायचं आणि दुखण्याची वाट न बघता दर अर्ध्या मिनिटाला आवंढा गिळायचा. गोळी चघळणं किंवा घोट घोट पाणी पिणं यासाठीच उपयोगी पडतं. त्यामुळे लाळ सुटते आणि गिळणं होत राहतं. झोपायचं असेल तर उड्डाणाच्या मधल्या काळात झोपावं, उतारात नाही. झोपेची गोळी किंवा मद्य घेतलं असेल तर हा वेळ हमखास झोपेत जातो.

एवढ्याने कान मोकळा होत नसेल तर दोन जुन्या युक्त्या आहेत. पहिली अंतोनिओ मारिया वाल्साल्वा यांची. त्यांनी ती १७०४ च्या ग्रंथात मधल्या कानातला पू बाहेर काढण्यासाठी सांगितली होती. तोंड मिटायचं, नाक चिमटीत धरायचं आणि नाकात हलकेच हवा फुंकायची. दुसरी लंडनचे कानाचे डॉक्टर जोसेफ टॉयन्बी यांची, १८५३ ची. नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा. हिच्यात स्नायू स्वतः नळी उघडतो, म्हणून ती कानावर सौम्य असते. फुंकायची युक्ती उतार सुरू झाल्यावर लगेच आणि हलक्या हाताने वापरली तर चांगली लागू पडते. कुलूप लागल्यावर जिवाच्या आकांताने फुंकू नये. त्याने नळी उघडत नाही, डोक्यातल्या शिरांवर ताण येऊन नळीभोवतीची सूज वाढते आणि आतल्या कानाच्या नाजूक पडद्यांना इजा होऊ शकते. सर्दीत जोरात फुंकल्याने घशातला शेंबूडही मधल्या कानात ढकलला जाऊ शकतो.

सर्दी असूनही जाणं भाग असेल तर डॉक्टर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा नाकात मारायचा फवारा सुचवतात. तो उतार सुरू होण्याच्या अर्धा तास तरी आधी मारावा लागतो. उतरताना मारला तर काम सुरू होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरला तर नाक उलट जास्त चोंदतं. मोठ्या माणसांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत स्यूडोएफेड्रीन या पोटात घ्यायच्या औषधाने फवाऱ्यापेक्षा जास्त फायदा दिसला आहे. पण रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दाब हळू बदलू देणारे खास इअरप्लग दुकानात मिळतात. पण ८,००० फुटांवरून खाली येतानाच्या चाचणीत त्यांनी कानाला होणारी इजा टळल्याचं दिसलं नाही.

लहान बाळांची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, आणि बाळाला सांगून गिळायला लावता येत नाही. म्हणून उतार सुरू होताच बाळाला जागं करून, थोडं उभं धरून दूध पाजावं किंवा चोखणी द्यावी. बाळ रडलं तर घाबरू नये. रडतानाही तोंड उघडतं, मध्ये मध्ये ते गिळतं आणि नळीला वाट मिळते. चार वर्षांपुढच्या मुलांना नाकाने फुगा फुगवायला शिकवणारी साधनं मिळतात, ती घरी आधी सराव करून न्यावीत.

उतरल्यावर काय बघायचं?

जमिनीवर आल्यावर हलकेच गिळत राहावं, आणि काही तासांत बरं वाटू लागलं तर वेगळं काही करायची गरज नसते. दडे तसेच राहिले तर एक साधी परीक्षा करून बघता येते. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा सूर काढायचा. तो सूर बंद कानात जास्त मोठा वाटला तर अडचण बहुधा मधल्या कानात आहे. ती वेळाने आणि साध्या उपचाराने सुटते. सूर चांगल्या कानात मोठा वाटत असेल आणि बंद कानात ऐकू येणं एकदम खूप कमी झालं असेल, तर आतल्या कानाला मार बसल्याची शंका घ्यावी. त्यासोबत गरगरणं किंवा कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावं. अशा वेळी उपचाराला काही दिवसांचा उशीरसुद्धा महागात पडतो.

तीव्र कळ येऊन अचानक थांबली आणि कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर पडदा फाटला असण्याची शक्यता असते. अशी बहुतेक भोकं काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण तोवर कान कोरडा ठेवावा, त्यात तेल किंवा स्वतःच्या मनाने घेतलेले थेंब घालू नयेत आणि जोरात नाक शिंकरू नये. दोन-तीन दिवसांनंतरही दुखणं कमी होत नसेल, ताप येत असेल किंवा दोन आठवड्यांनंतरही दडे जात नसतील तर डॉक्टरांना कान आतून बघू द्यावा.

कान एकदा असा दुखावला असेल तर परतीचं तिकीट काढण्याआधी एक गोष्ट तपासावी: नाक धरून आवंढा गिळल्यावर दोन्ही कानांत ‘टक’ होतं का. होत असेल तर नळी उघडते आहे. होत नसेल आणि प्रवास पुढे ढकलता येण्यासारखा असेल, तर तो ढकलावा. ढकलता येत नसेल तर आधी डॉक्टरांना कान दाखवून औषधाची वेळ त्यांच्याशी ठरवून घ्यावी आणि केबिन उतरायला लागल्याच्या पहिल्या मिनिटापासून गिळायला सुरुवात करावी.